दहा शून्यं आणि महिपतीचे दोन

परीक्षा देणाऱ्याला घाम फुटतो हे ठीकच आहे, पण काढणाऱ्याला फुटावा असा निकाल विरळाच. वल्लरीच्या वाट्याला तो शुक्रवारी सकाळी आला. तळेगावच्या घरी चहाचा कप हातात धरून तिने लॅपटॉप उघडला आणि निकालाचं पान पाहिलं. अकरा जणांनी परीक्षा दिली होती. दहा जणांना शून्य. अकरावा महिपती, त्याला चौदापैकी दोन.

पान ताजं करून पाहिलं, तरी शून्य ते शून्यच.

परीक्षा म्हणजे कागदावरची नव्हे. मळवली-कार्ला भागात भाड्याने देण्याचे अकरा बंगले असलेली ‘सोनसावली’ नावाची कंपनी होती. तिच्या केअरटेकरांना पाहुण्यांशी कसं वागावं हे शिकवणारा व्हिडिओ वल्लरीने लिहून दिला होता. नुसता बघायचा व्हिडिओ नव्हे. पाहुणा येतो, काहीतरी कुरकुर काढतो आणि तिथे चित्र थांबतं. पडद्यावर तीन उत्तरं येतात, आवाजासकट, म्हणजे ज्याला वाचायचा कंटाळा त्यालाही अडचण नको. आपण एक निवडायचं. मग त्या उत्तराने पाहुणा खूश होतो, गुमान बसतो की उखडतो, ते पुढे दिसतं. चांगल्या उत्तराला दोन गुण, अर्ध्यामुर्ध्याला एक, वाईटाला भोपळा. अशा सात जागा.

हे लिहिणं दिसतं तितकं सोपं नसतं. प्रत्येक उत्तराची वेगळी फांदी काढत गेलं, तर सातव्या जागेपर्यंत दोन हजारांवर फांद्या होतात, आणि तेवढं चित्रीकरण करायला एक जन्म पुरायचा नाही. म्हणून फांदी थोडी पुढे जाते, परिणाम दाखवते आणि पुन्हा खोडाला येऊन मिळते. फक्त पाहुण्याचा मूड लक्षात ठेवला जातो, आणि त्यावर शेवट ठरतो. शेवट तीन. एकात पाहुणा पुढच्या सुट्टीचं बुकिंग आत्ताच करून जातो, दुसऱ्यात काही न बोलता जातो आणि परत येत नाही, तिसऱ्यात फाटकातूनच मोबाइलवर कंपनीची अब्रू काढत जातो.

दहाही जणांनी अब्रू काढून घेतली होती.

वल्लरीला काळजी लागली ती स्वतःच्या नावाची नव्हे. म्हणजे थोडी तीही. पण लोणावळ्याच्या ऑफिसातला मॅनेजर श्रीपाद गेले तीन महिने एकच घोडं दामटत होता: हे गावातले केअरटेकर काढावेत आणि पुण्याच्या एजन्सीकडून हॉटेलचा कोर्स केलेली, टाय लावणारी मुलं आणावीत. मालकीण राजेश्वरी मॅडम कचरत होत्या. व्हिडिओच्या निकालावर ठरवू, असं त्यांनी म्हटलं होतं. एजन्सीच्या कागदावर सोमवारी सही व्हायची होती. नेमका आता निकाल श्रीपादच्या हातात होता, आणि त्याने तो मॅडमना पाठवून खाली एकच ओळ लिहिली होती: बोललो होतो ना.

यादीत पहिलं नाव रतनबाईचं होतं. ते शून्य पाहून मात्र वल्लरी चक्रावली.

कारण त्या परीक्षेतली बरोबर उत्तरं रतनबाईचीच होती. अक्षरशः. लिहायला बसण्याआधी वल्लरी चार दिवस मळवलीच्या बंगल्यावर जाऊन राहिली होती. सतरा वर्षं हा बंगला सांभाळणारी ही बाई भाजी निवडत निवडत सांगायची, कुठला पाहुणा कशाने बिथरतो आणि कशाने विरघळतो. वल्लरीने ते रेकॉर्ड केलं आणि भाषा थोडी धुऊन व्हिडिओत घातलं. चुकीची उत्तरंही तिथलीच, इतर बंगल्यांवर कोणी काय माती खाल्ली त्याच्या रतनबाईने सांगितलेल्या कहाण्या. आता त्याच बाईला स्वतःच्या वाक्यांत शून्य मिळावं? कवीला स्वतःच्या कवितेचा अर्थ चुकावा तशातली गत.

गुणांची गणितं उलटी बसली असतील, असं तिला वाटलं. तिने दुपारपर्यंत एकेक फांदी तपासली. कुठल्या बटणाला कुठला व्हिडिओ जोडलाय, कुठल्याला किती गुण, सगळं जागच्या जागी. उत्तरांचा क्रम दर वेळी बदलतो तेही नीट चालत होतं, म्हणजे ‘तिसरं बटण दाबत जा’ असं कोणी कोणाला सांगितलं असणं शक्य नव्हतं. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. ती सापडली नाही, तेव्हा वल्लरीने चपला घातल्या, घोरावाडी स्टेशनवरून लोकल पकडली आणि मळवलीला उतरली.

रतनबाई बंगल्याच्या मागच्या ओट्यावर चादरी वाळत घालत होती. वल्लरीला पाहून ती इतकी खुलली, की वल्लरीला काय विचारावं सुचेना. ती आधी पाणी प्यायली आणि मग तिने हळूच विचारलं, मावशी, परीक्षा अवघड गेली का?

“अवघड कशाची,” रतनबाई म्हणाली. “समदं मीच तर सांगितल्यालं.”

“मग शून्य कसं आलं?”

“चुकीचं दाबलं म्हनून आलं. सातच्या सात.” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर पहिल्या नंबराने पास झाल्याचा आनंद होता. “त्याचं काय हाय ताई, बरूबर दाबलं की माजं पोरगं नुसतं थँक्यू म्हनतंय आन च्या पितंय. चुकीचं दाबलं की काम करतंय.”

वल्लरी ओट्यावर बसली ती बसलीच.

पोरगं म्हणजे कैलास. आंबीच्या कारखान्यात माल तपासायला असतो, आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात गेली आठ वर्षं खलनायक. चित्रीकरणाला पुण्याचा नट परवडेना म्हणून रतनबाईनेच त्याचं नाव पुढे केलं होतं. व्हिडिओत केअरटेकर दिसतच नाही, कॅमेरा असतो तोच केअरटेकर, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं पाहुणा आपल्याशीच बोलतोय. त्यामुळे सबंध व्हिडिओभर तोंड एकट्या कैलासचं. आणि त्याने ते असं वापरलं होतं की बास. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं, तर तीन परिणाम, आणि प्रत्येक परिणाम त्याच जागी, त्याच पवित्र्यातून सुरू व्हायला हवा, नाहीतर चित्र जोडताना उडी बसते. म्हणून चहाच्या प्रसंगांत प्रत्येक वेळी त्याच्या हातातला ग्लास त्याच रेघेपर्यंत भरलेला हवा. तो भरायचं काम रतनबाईकडे होतं. तिने एकोणीस वेळा ग्लास भरला, पण कॅमेऱ्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. कुठल्या उत्तरावर पोरगं रंगतं ते तिला ऐकून ठाऊक होतं, पण त्याचं काम समोरून बघायला तिला मिळालंच नव्हतं.

आणि काम काय होतं. चांगल्या उत्तरावर कैलास मान हलवून दोन शब्द बोलायचा, वल्लरीनेच तसं लिहिलं होतं, कारण समाधानी माणूस फार बोलत नाही. सगळी बहार वाईट उत्तरांत. विशेषतः पाचव्या जागी, जिथे पाहुणा आरडाओरडा करत असतो आणि केअरटेकरने ‘शांत व्हा साहेब’ असं म्हटलं की तो ‘मी शांतच आहे’ म्हणून किंचाळत, हातवारे करत उलटा चालत जातो आणि कपड्यांसकट पोहण्याच्या तलावात पडतो. ते पडणं लिहिलेलं नव्हतं. कैलास खरोखरच पडला होता. पण इतकं झकास, की दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं.

रतनबाईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली. मग तिने बाकीच्या दहा बंगल्यांवर फोन लावून एकच निरोप दिला: चुकीचं दाबा, कैलास हौदात पडतोय. सगळ्या केअरटेकरांनी आपापल्या मोबाइलवर, आपापल्या बायकापोरांना घेऊन, शोधून शोधून वाईटातलं वाईट उत्तर दाबलं. महिपतीचं एका जागी बोट घसरलं, तर त्याची बायको त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. नापास होऊन पुन्हा पहिल्यापासून बघायचं म्हणून कोणाला वाईट वाटलं नाही. मार्क कोणी लिहून घेतंय, आणि तेही पहिल्याच खेपेचे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सांगायचं काम श्रीपादचं होतं, आणि तो फक्त लिंक पाठवून मोकळा झाला होता.

वल्लरीला हसू आवरेना. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण सोमवारची गोष्ट या बाईला माहीत नव्हती. ती सांगताना तिला लाज वाटली. आपण लिहिलेल्या खेळाने ज्या बाईकडून सगळं शिकलो तिचीच भाकरी जायची वेळ आली, याची लाज.

रतनबाईने ऐकून घेतलं. हातातली चादर दोरीवर टाकून तिने ती दोन्ही टोकांनी सारखी केली. सतरा वर्षं या घरात दुसऱ्यांची अंथरुणं घातली, ती म्हणाली, आन आता पोराला बघितलं म्हनून जानार व्हय. आवाज चढला नव्हता. वल्लरीने तिला सांगितलं, उद्या लोणावळ्याला ऑफिसात माझ्याबरोबर यायचं.

शनिवारी दुपारी दोघी ऑफिसात पोचल्या तेव्हा श्रीपादच्या टेबलावर एजन्सीची फाईल तयार होती आणि राजेश्वरी मॅडम चष्मा पुसत बसल्या होत्या. वल्लरीने घडलं ते सरळ सांगून टाकलं. मॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण श्रीपाद हसणाऱ्यातला नव्हता. नापास झालेला प्रत्येक जण मी मुद्दाम नापास झालो असंच सांगतो, तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. आणि बरोबर उत्तरं याच बाईंची असतील तर मग शोभाच झाली म्हणायची. पुन्हा परीक्षा घेऊ, असं वल्लरी म्हणाली, तर तो म्हणाला की आता त्यांनी सगळे परिणाम बघितलेत, दुसऱ्या खेपेच्या मार्कांना काय अर्थ. यात तथ्य होतं. श्रीपाद कधीकधी बरोबरही बोलायचा, हीच त्याच्याबाबतची मोठी अडचण होती.

मग वल्लरीने निकालाचं पान सगळ्यांसमोर ठेवलं आणि शांतपणे बोलायला लागली. ज्याला काही येत नाही त्याला शून्य मिळत नाही, ती म्हणाली. त्याला चार मिळतात, सहा मिळतात. कारण अडाणी माणूस डोळे मिटून दाबतो आणि अधूनमधून त्याचं चुकून बरोबर येतं. तिनांतलं सगळ्यात वाईट उत्तर सातही वेळा न चुकता अंदाजाने सापडायचं, तर दोन हजार माणसांतून एखाद्याला सापडेल. इथे अकरांतल्या दहांना सापडलंय. मधलं, एका गुणाचं उत्तर कोणीच दाबलेलं नाही. म्हणजे बरोबर कुठलं, बरं कुठलं आणि घातकी कुठलं, हे त्यांना उत्तर ऐकताक्षणी कळलं होतं.

“त्यांनी एकमेकांना सांगितलं असेल,” श्रीपाद म्हणाला.

चुकीची उत्तरं? वल्लरीने विचारलं. कॉपी करणारा माणूस चुकीची उत्तरं पाठवत बसतो का?

श्रीपाद म्हणाला, हे सगळं बोलायला ठीक आहे, पण वाईट उत्तर ओळखायला काय अक्कल लागते? उद्धट दिसेल ते दाबायचं. शाळकरी मुलालाही शून्य मिळवता येईल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राजेश्वरी मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. “मिळवून दाखवा बघू,” त्या म्हणाल्या. तुम्ही तर मॅनेजर आहात. शिवाय स्क्रिप्ट तुम्हीच वाचून मंजूर केलीत.

श्रीपादने स्क्रिप्ट मंजूर केली होती हे खरं. वाचली होती असं मात्र कोणी म्हणू नये. बेचाळीस पानांची फाईल आली आणि चार मिनिटांत ‘ओके’ गेलं, हे वल्लरीच्या मेलबॉक्सात वेळेसकट नोंदलेलं होतं.

पहिली जागा. कैलास सकाळी अकरालाच बॅगा घेऊन दारात, खोल्या एकला मिळायच्या. चित्र थांबलं, म्हणजे अगदी थिजलं नाही, कैलास श्वास घेत, पापणी लववत उत्तराची वाट बघत राहिला. उत्तरं आली. एक: बसा, चहा घ्या, एक खोली आधी झाडून देते, अर्धा तास लागेल. दोन: खोली एकला मिळेल, तोवर बाहेर थांबा. तीन: या या, सगळं तयारच आहे. श्रीपादने आत्मविश्वासाने ‘बाहेर थांबा’ दाबलं. कैलासचं तोंड वाकडं झालं, पण तो पायरीवर जाऊन बसला. एक गुण. खरं सांगितल्याचा गुण, वल्लरी म्हणाली. शून्य तिसऱ्याला होतं. पाहुणा आत जातो आणि आधीच्या पाहुण्यांचे ओले टॉवेल बघतो.

पुढच्या जागी त्याला शून्य मिळालं आणि तो जरा सावरला. तिसऱ्या जागी गरम पाणी येईना. कैलास टॉवेल गुंडाळून उभा. एक उत्तर म्हणत होतं, तक्रार नोंदवून घेतली आहे, चोवीस तासांत संपर्क होईल. दुसरं, ऊन आलं की येईल. तिसरं, चुलीवर पाणी तापवलंय, बादली दारात ठेवते, नळाचं दुपारी बघायला माणूस येतोय. श्रीपाद हसला. एवढ्या महागड्या बंगल्यात बादली? त्याने बादली दाबली. दोन गुण. पहिलं उत्तर, जे शून्याचं होतं, ते कंपनीच्या नियमपुस्तकातलं त्याचंच वाक्य होतं. मॅडमनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पाचव्या जागी कैलास ओरडायला लागला. त्याचं ओरडून होईपर्यंत गप्प उभं राहायचं, हेही एक उत्तर होतं. पाहुणा बोंबलतोय आणि हा तोंडात मिठाची गुळणी धरून उभा, याहून वाईट काय असणार, असं म्हणून श्रीपादने तेच दाबलं. पडद्यावर कैलास ओरडत राहिला, मग हळू झाला, मग खुर्चीत बसून म्हणाला की सकाळपासून प्रवासात आहे हो. दोन गुण.

शेवटी आकडा आला पाच. शाळकरी मुलाला जमणारं शून्य मॅनेजरला जमलं नव्हतं.

श्रीपादने पान ताजं करून पाहिलं, तरी पाच ते पाचच. दाराजवळच्या खुर्चीत पदर सावरून बसलेली रतनबाई उठली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. टोमणा मारण्यासारखं काही तिच्या बोलण्यात नव्हतं. पोराला शिकवावं तसं ती म्हणाली:

“साहेब, पाहुना चिडवायचा तर त्याला कुटं दुखतंय ते आदी कळाय पायजे. तेच तुमाला ठावं न्हाई. लावा परत, मी सांगते.”

आणि खरंच तिने सांगितलं. खोटं बोला म्हनजे पयलं शून्य. ह्ये तुमचं चोवीस तासवालं दाबा. हितं ‘शांत व्हा’ म्हना. श्रीपाद मुकाट दाबत गेला. कैलास तलावात पडला तेव्हा राजेश्वरी मॅडमना इतकं हसू आलं, की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि श्रीपादही, कोणाला दिसू नये म्हणून खाली बघत, खांद्यांनी हसला. शेवटी पडद्यावर शून्य आलं. रतनबाईने त्याची पाठ थोपटली.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. त्यांनी एजन्सीची फाईल उचलून कपाटात, खालच्या खणात ठेवली. केअरटेकर आहेत तेच राहतील, त्या म्हणाल्या. नियमपुस्तक मात्र नव्याने लिहायचं, आणि ज्याने लिहायचं त्याने आधी पाहुणे म्हणजे काय ते बघून यायचं. श्रीपाद, सोमवारपासून चार दिवस तुम्ही मळवलीला. रतनबाई सांगतील ते करायचं.

श्रीपादने रतनबाईकडे पाहिलं. किती वाजता येऊ, असं त्याने विचारलं, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात उत्तर हवं असल्याचं जाणवलं.

“पाहुनं अकराला येत्यात,” रतनबाई म्हणाली. “तुमी सा वाजता या. संडास धुवायचं असत्यात.”